तीन दिवस नाहीत हो, वीस मिनिटं आहेत!

गाडीत बसून लिहितोय, रेंज येईल-जाईल, सांभाळून घ्या. डोकं तापलंय ते मात्र गाडी लेट झाली म्हणून नाही. कोकणात जाणाऱ्या माणसाला लेट गाडीचं काय कौतुक. डोकं तापलंय ते लेट गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मागण्याबद्दल स्टेशनवरच्या चौकशी खिडकीतून आलेल्या एका वाक्यामुळे.

सकाळी ६:५० ची गाडी, मुंबईतलं मोठं स्टेशन. गर्दीत एक काकू आणि त्यांचे वयस्कर वडील. तिकीट तत्काळचं, डोंबिवलीच्या भाच्याने मोबाईलवर काढलेलं. साडेनऊच्या सुमारास त्यांनी खिडकीवर विचारलं, आम्हाला आता जायचं नाही, पैसे मिळतील का? आतून उत्तर आलं, "घरी जाऊन ऑनलाईन करा, तीन दिवस असतात."

साफ चूक! गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर पूर्ण भाडं परत मिळतं, तत्काळचं कन्फर्म तिकीट असलं तरी. पण त्यासाठी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा ऑनलाईन अर्ज, गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आधी भरावा लागतो. काकू लोकल पकडून घरी गेल्या असत्या तर पैसे गेलेच होते. खिडकीतून काढलेलं कागदी तिकीट असेल तर तेही गाडी सुटायच्या आधीच खिडकीवर परत द्यायचं.

आता यातली खरी गोम. गाडी 'तीन तासांहून जास्त' लेट झाली हे पक्कं कधी कळणार? ६:५० मध्ये तीन तास मिळवा, ९:५०. गाडी ९:४५ ला सुटली असती तर एक पैसा नाही. आज ती सुटली १०:१० ला. म्हणजे खात्रीने अर्ज भरायला वेळ होता ९:५० ते १०:१०, फक्त वीस मिनिटं. त्याआधी अंदाजाने भरता येतो, पण रेल्वे नंतर गाडी प्रत्यक्ष किती वाजता सुटली ते तपासते. तीन तासांच्या आत सुटली असेल तर अर्ज फेटाळला जातो आणि तुमची गाडीही गेलेली असते.

बोर्डावर विसंबू नका. आज नऊ वाजेपर्यंत बोर्ड ९:३० दाखवत होता. त्यापेक्षा गाडीचे डबे कुठून येतात ते बघा. पहाटे कोकणातून आलेली गाडीच बऱ्याचदा सकाळी दुसऱ्या नंबरने परत जाते. आजची येणारी गाडी ५:२० ची, म्हणजे येणं आणि सुटणं यांत दीड तास. तेवढ्यात झाडलोट, पाणी भरणं, ब्रेक तपासणं उरकायचं असतं. ती गाडी कुठवर आली ते सांगणाऱ्या रेल्वेच्या NTES वर टाकली तर आली ८:३५ ला. त्यात दीड तास मिळवा, १०:०५. बोर्डाला जे नऊपर्यंत कळलं नव्हतं ते बोटांवर मोजता येतं. घाई करून दहा-पंधरा मिनिटं वाचवतात, म्हणून हा हिशेब अंदाजाचाच, पण बोर्डापेक्षा बरा.

बरं, मान्य, पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेग कमी ठेवावा लागतो आणि बराचसा मार्ग एकेरी आहे. एकदा वेळ चुकली की लेट गाडीला क्रॉसिंगसाठी थांबावं लागतं आणि ती आणखी लेट होते. त्यात खिडकीतल्या माणसाचा दोष नाही. पण नियम माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला काय जातं?

काकूंची दुसरी अडचण वेगळीच. शेजारच्या बाकावरच्या एका मुलीने त्यांना थांबवलं आणि स्वतःच्या फोनवर अर्ज भरायला घेतला, पण तसं होत नाही. ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यातून टीडीआर भरता येतो. एजंटकडून काढलं असेल तर एजंटनेच भरायचा. मग भाच्याला फोन. तो ऑफिसच्या वाटेवर, दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. IRCTC च्या साईटवर My Account, त्यात My Transactions, तिथे File TDR. पीएनआर निवडायचा, दोन्ही प्रवाशांवर खूण करायची आणि कारणांच्या यादीत 'गाडी तीन तासांहून जास्त लेट, प्रवास केला नाही' या अर्थाचं इंग्रजी कारण असतं, तेच निवडायचं. खालचं-वरचं दुसरं कारण निवडलं की अर्ज भलत्याच नियमात तपासला जातो. ९:५२ ला त्याचा फोन आला, झालं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता.

घाबरून आधीच नेहमीसारखं Cancel दाबू नका. चार्ट लागायच्या आधी दाबलंत तर कापाकापी होते, मग गाडी पाच तास लेट झाली तरी ते पैसे परत येत नाहीत. आणि सुविधा शुल्क कुठल्याच वाटेने परत मिळत नाही, ते सोडून द्या. तत्काळवाल्यांनी आणखी एक बघा: तिकीट सीएसएमटीपासून आणि चढणार ठाण्याला असं असेल, तर लेट मोजतात सीएसएमटीचा, ठाण्याचा नाही.

जेवणाबद्दल दोन ओळी, कारण आत्ताच समोर घडलं. पँट्रीच्या पोराने शाकाहारी थाळीचे १२० सांगितले. गाडीत साध्या थाळीचा दर ८० आहे: भात, चार पोळ्या किंवा दोन पराठे, डाळ, भाजी, ८० ग्रॅम दही आणि लोणच्याची पुडी. समोरच्या आजोबांनी शांतपणे "बिल दे बाळा" म्हटलं. बाळ गेलं, परत आलं आणि ८० घेतले. डाळ गरम होती, पोळ्या चामट. दह्याचा डबा मात्र आलाच नाही, तोही मागून घ्यावा लागला.

रागाच्या भरात सगळ्यांनाच झोडपत होतो, पण आमच्या डब्यातला टीसी भला माणूस निघाला. साइड लोअरवर आरएसीची दोन माणसं अवघडून बसली होती. तो आला, हातातल्या मशीनवर काकू आणि त्यांच्या वडिलांच्या बर्थवर 'आले नाहीत' अशी नोंद केली आणि त्यातला एक त्या दोघांतल्या एकाला दिला. तो माणूस पाय पसरून झोपलाय.

टीडीआर तपासताना हीच नोंद बघतात की प्रवासी खरंच गाडीत नव्हता. म्हणजे त्या मशीनवर एक बटण दाबून टीसीने काकूंचंही काम केलं आणि त्याला ते माहीतही नसेल.