दोनशे ग्रॅम भात, पण कुठला?

राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर पक्या परवा तोंड पाडून बसला होता. जिम लावल्यापासून तो वजनकाटा घेऊन जेवतो.

"काल रात्री २०० ग्रॅम भात खाल्ला. मोबाईलवर बघितलं तर ७२० कॅलरी! मग भाकरी तशीच ठेवली आणि उपाशी झोपलो."

बाळ्याची खाणावळ आहे. तो हसायलाच लागला. "लेका, तू तांदळाचा आकडा भाताला लावलास. माझ्याकडं किलोभर तांदळाचा पावणेतीन किलोच्या आसपास भात होतो. जास्तीचं पावणेदोन किलो आलं कुठनं?"

"पाणी," मी म्हणालो.

"मग पाण्याला कॅलरी असत्यात का?"

सुन्याला हे पटेना. "म्हंजे शिजवल्यावर कॅलरी उडून जात्यात म्हणा की!"

आता ह्याला काय सांगायचं! उडत काहीच नाही. कोरड्या तांदळात पाणी असतं शेकड्याला बारा-तेरा, भातात जवळजवळ सत्तर. स्टार्च तेवढाच राहतो, तो फक्त जास्त वजनात पसरतो.

दुसऱ्या दिवशी पक्या हिशोब मांडूनच आला. तांदूळ १५० ग्रॅम. कोरड्या तांदळाच्या ग्रॅमला साधारण ३.६ कॅलरी, म्हणजे सगळ्या मिळून ५४०. कुकरचा रिकामा डबा ३१० ग्रॅम, भातासकट ७१५. म्हणजे भात ४०५ ग्रॅम. ५४० ला ४०५ नं भागलं, ग्रॅमला १.३३ आल्या. त्याचे ते २०० ग्रॅम म्हणजे २६७ कॅलरी. बिचारा साडेचारशे कॅलरींपायी उपाशी झोपला होता.

"मग १.३३ पाठच करतो," पक्या म्हणाला.

"करू नकोस," बाळ्या म्हणाला. "मऊ भात केलास तर पाणी जास्त, आकडा खाली. तोच भात रात्रभर उघडा राहिला तर सुकतो, मग वर. कच्चं वजन एकदा घ्यायचं, शिजल्यावर सगळ्याचं घ्यायचं, आणि आपल्या ताटात त्यातला कितवा हिस्सा आला ते बघायचं." पेज ओसावून टाकली तर थोडा स्टार्च तिच्याबरोबर जातो, तेव्हा हा हिशोब जरा जास्तच दाखवतो. पण आमच्याकडं पेज टाकतंय कोण!

डाळीची गत तर आणखी वाईट. १०० ग्रॅम तूरडाळीत ३४० च्या आसपास कॅलरी. तिचं घट्ट वरण ४०० ग्रॅम झालं तर ग्रॅमला ०.८५. पाणी वाढवून ८०० ग्रॅम आमटी केली तर निम्म्या. फोडणीचं तेल वेगळं धरायचं, दोन चमच्यांनाच ९० कॅलरी होतात. म्हणून 'शिजलेली डाळ' असा तयार आकडा उचलला की फसलाच.

सुन्या बराच वेळ गप्प होता. मग बाळ्याकडं बघून म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडं ऐनवेळी चार गिऱ्हाइकं वाढली, की आमच्या वाटीतल्या कॅलरी कमी होत्यात."

बाळ्यानं चहाचे पैसे दिले.