शेवटी वाचलेलं पक्कं बसतं?

दावा: «यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं विसरतं. मेंदूत अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे दोन कप्पे आहेत, हे यावरून सिद्ध झालंय. म्हणून परीक्षेआधी महत्त्वाचं शेवटी वाचा, पक्कं बसेल.»

यादीतल्या कोणत्या जागेवरचे किती शब्द आठवले याचा आलेख काढला, तर दोन्ही टोकं उंच आणि मधे खळगा दिसतो, हे खरं आहे. पण शेवटचं टोक फार अल्पायुषी असतं. १९६६ साली ग्लान्झर आणि क्युनिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना १५ शब्दांच्या याद्या दिल्या. लगेच विचारलं तर शेवटचे शब्द झकास आठवत. पण यादी संपल्यावर ३० सेकंद आकडे मोजायला लावले, की शेवटचा चढ पार सपाट व्हायचा. सुरुवातीचे शब्द मात्र जिथल्या तिथे. उलट शब्द सावकाश दाखवले, तर सुरुवातीचे आणि मधले जास्त आठवत, शेवटच्यांना काही फायदा नाही. म्हणजे दोन टोकांची कारणं वेगळी. सुरुवातीचं कारण रंडस यांनी १९७१ मध्ये लोकांना मोठ्याने घोकायला लावून दाखवलं: पहिल्या शब्दांच्या वाट्याला सर्वांत जास्त उजळण्या येतात.

आता परीक्षेचा सल्ला. क्रेक यांनी १९७० मध्ये एकामागून एक याद्या आठवून घेतल्या आणि सगळ्या झाल्यावर अचानक सगळेच शब्द पुन्हा विचारले. तेव्हा प्रत्येक यादीतले शेवटचे शब्द सर्वांत कमी आठवले! ते तात्पुरते हाताशी होते, त्यांची उजळणी झालीच नव्हती. परीक्षेचा हॉल हा असाच उशिराचा प्रश्न असतो, त्यामुळे सल्ला नेमका उलटा पडतो.

राहिलं ‘सिद्ध झालंय’. ब्यॉर्क आणि व्हिटन यांनी १९७४ मध्ये फक्त शेवटी नाही, तर प्रत्येक शब्दजोडीनंतर आकडेमोड करायला लावली. अल्पकालीन कप्पा त्यात रिकामा व्हायला हवा होता, तरी शेवटचा चढ परत दिसला. बॅडली आणि हिच यांनी रग्बीपटूंना मोसमातले सामने आठवायला सांगितले, तिथेही तोच चढ. आणि किती दिवस गेले यापेक्षा मधे किती सामने झाले यावर आठवण ठरत होती. काही आठवड्यांपूर्वीचा सामना अल्पकालीन कप्प्यात कसा असेल? तेव्हा नुसत्या आलेखाच्या आकारावरून कप्पे सिद्ध होत नाहीत.

माझ्या मते खरा भक्कम पुरावा रुग्णांचा आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत सुरुवातीचे शब्द पुसट आणि शेवटचे शाबूत, असं बॅडली आणि वॉरिंग्टन यांना १९७० मध्ये आढळलं. त्याच वर्षी शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी के. एफ. हा उलटा रुग्ण मांडला: ऐकलेले एक-दोन आकडेच तो लगेच सांगू शके, पण नवं शिकणं ठीक. यातून दोन यंत्रणा वेगळ्या दिसतात खऱ्या, पण ‘आधी अल्पकालीन, मग तिथून दीर्घकालीन’ ही रांगही मोडते. पहिला, अल्पकालीन कप्पाच निकामी असेल, तर के. एफ. शिकला कुठून? याच अडचणीतून पुढे कार्यकारी स्मृतीची, म्हणजे माहिती तात्पुरती धरून तिच्यावर काम करणाऱ्या अनेक घटकांच्या यंत्रणेची, कल्पना बळावली.