मशीननं कार्ड गिळलं, तर ते परत मागत बसू नका

गेल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी बाबांचा कराडच्या एसटी स्टँडजवळून फोन आला. "अरे, एटीएमनं कार्ड गिळलं माझं." आवाज असा, की जणू खिसाच कापला.

झालं होतं एवढंच, की व्यवहार रद्द करून बाबा चष्मा शोधत बसले. मशीन कार्ड बाहेर काढून थोडा वेळ वाट बघतं, साधारण अर्धा मिनिट म्हणा. तेवढ्यात कुणी उचललं नाही तर आत ओढून घेतं. मागच्या माणसाच्या हाती कार्ड लागू नये म्हणून ही सोय आहे. चालू व्यवहारात लाईट गेली, कार्डाची मुदत संपलेली असली किंवा ते ब्लॉक केलेलं असलं, तरी असं होऊ शकतं. पण मशीननं स्वतःहून कार्ड ठेवून घेतलं, तर ते पडद्यावर तसं सांगतं आणि बहुतेकदा पावतीही देतं. बाबांना पावती मिळाली होती. कार्ड आत, पावती नाही आणि पडदा निवांत "कार्ड घाला" म्हणतोय, असं असेल तर खाचेत कुणीतरी पट्टी नाहीतर गोंद घातलाय अशी शंका घ्यायची. शेजारी उभा राहून "काका, पिन परत दाबा, येईल बाहेर" म्हणणारा भला माणूस दिसला, तर शंका कसली, तशी खात्रीच समजायची.

बाबांना पिन दाबायला सांगणारा असा कुणी भेटला नाही. पण भिंतीवर "कार्ड अडकल्यास संपर्क" असा मोबाईल नंबराचा कागद चिकटवलेला होता आणि ते तोच लावायला निघाले होते. मी फोनवरच ओरडलो. असा नंबर लावलात की पलीकडचा अगदी नम्रपणे पिन नाहीतर ओटीपी विचारतो, आणि तुम्ही बाहेर पडलात की कार्ड काढून नेतो.

मग बँकेचा खरा नंबर कुठला? तो कार्डाच्या पाठीवर छापलेला, आणि कार्ड मशीनच्या पोटात! ही योजना ज्यानं केली त्याला माझा नमस्कार. शेवटी आईनं घरी पासबुक काढून त्यावरचा टोल फ्री नंबर वाचून दाखवला. बाबांनी बँकेत नोंदवलेल्या मोबाईलवरूनच फोन केला, कार्ड ब्लॉक केलं आणि तक्रार क्रमांक पावतीच्या पाठीवर लिहून घेतला. बँकेचं अ‍ॅप असेल तर हेच काम त्यात मिनिटभरात होतं.

हा क्रमांक आणि ब्लॉक झाल्याचा मेसेज जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकानं कळवल्यानंतर जो अनधिकृत व्यवहार होईल, त्याचं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. अगदी पिन तुम्हीच कुणाला सांगितला असला, तरी तुमच्या माथी येतं ते कळवण्याआधीचं नुकसान. म्हणून "सोमवारी ब्रँचला जाऊन बघू" हे मला पटत नाही. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे चोराला दीड दिवस.

तरी सोमवारी बाबा त्या एटीएमच्या ब्रँचला गेलेच. मशीन दुसऱ्या बँकेचं. तिथला क्लार्क म्हणाला, "कार्ड आमच्या हातात येतच नाही काका. कॅश भरायला एजन्सीची माणसं येतात, ती मशीन उघडतात. दुसऱ्या बँकेचं कार्ड निघालं तर आम्ही ते पंच करून टाकतो." बाबा चिडले, पण माणूस खरं बोलत होता. मशीन आपल्याच बँकेचं आणि ब्रँचला लागून असेल, तर ओळखपत्र बघून कार्ड परत देतात कधीकधी. तेही त्यांच्या मर्जीवर. शिवाय कायमचं ब्लॉक केलेलं कार्ड हाती आलं तरी चालत नाही, मग त्यासाठी हेलपाटे कशाला?

स्वतःच्या ब्रँचला मात्र जायचं. नवीन कार्डाचा अर्ज, पासबुक, आधार, इतकंच लागलं. दोन-तीनशे रुपये आणि वर जीएसटी खात्यातून कापतात. तोवर पैसे पासबुक आणि स्लिपवर काउंटरला मिळतात. यूपीआयही चालू राहतं, कारण ते खात्याला जोडलेलं असतं, कार्डाला नाही. नवीन कार्डाचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे जुन्या कार्डावर लावलेली ऑटोपेची बिलं तेवढी नव्यानं जोडावी लागतात.

एक गोष्ट आम्ही विसरलो. पंधरा दिवस झाले तरी कार्ड येईना. विचारलं तर ते पोस्टानं बँकेकडे परत गेलेलं, कारण खात्यावर पत्ता अजून शनिवार पेठेतल्या जुन्या भाड्याच्या खोलीचा. ती खोली आम्ही सोडून नऊ वर्षं झाली! केवायसीत पत्ता बदलून परत अर्ज केला आणि दहाव्या दिवशी पोस्टमन दारात.

आता बाबांच्या मोबाईलमध्ये "बँक कार्ड बंद" या नावानं तो टोल फ्री नंबर सेव्ह केलाय. बाबांनी तो पासबुकाच्या कव्हरवर मार्करनंही लिहिलाय, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा.