चिठ्ठीवर फक्त नंबर

आज सकाळी आमच्या धंदेवाल्यांच्या ग्रुपच्या मीटिंगमधून बाहेर पडलो ते डोकं तापवूनच. दुपारचे तीन वाजले तरी उतरलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. ग्रुपमधले निम्मे लोक माझ्या यादीत आहेत. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय.

गेल्या आठवड्यात आपल्या सोलरवाल्या पोराला ग्रुपमधल्याच एकाकडून गिऱ्हाइकाची एक चिठ्ठी मिळाली. वर एका डाळ मिलचं नाव, खाली मोबाइल नंबर आणि शेरा, 'मोठी पार्टी, सोलर घ्यायचं आहे, फोन करा.' टाळ्या पडल्या, फोटो निघाला. पोरानं त्याच दिवशी फोन लावला. पलीकडून मिलवाले आप्पा अमळनेरकडच्या ठसक्यात म्हणाले, "मना नंबर तुमले कोनी दिधा भाऊ?" पोरानं चिठ्ठी देणाऱ्याचं नाव सांगितलं. आप्पा म्हणाले, त्यांच्याशी माझं असं काही बोलणंच झालेलं नाही. फोन बंद. आज पोरानं हे उभं राहून सांगितलं, तेव्हा हॉलमध्ये काही जण हसले.

हसण्यासारखं काय होतं त्यात? एक चांगलं गिऱ्हाईक कायमचं हातचं गेलं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी सकाळी सात ते साडेआठ गावातले वीस-तीस धंदेवाले एका हॉलमध्ये जमतात. एका धंद्याचा एकच माणूस, म्हणजे सोलरवाला एक, सीए एक, शेड बांधणारा फॅब्रिकेटर एक. प्रत्येकाला मिनिटभर बोलायला मिळतं, एकाला दहा मिनिटं सविस्तर, मग चिठ्ठ्यांची फेरी, मग आलेल्या धंद्याचे आभार. आयव्हन मिसनरनं 1985 मध्ये कॅलिफोर्नियात बीएनआय सुरू केलं, तेव्हापासून हा साचा जगभर चालतो. 'आधी द्या, मग मिळेल' हे त्यांचं सूत्र. आपल्याकडे माधवराव भिड्यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला. आमचा ग्रुप गावातल्याच लोकांचा आहे, पण साचा तोच.

या साच्याचा सगळा जीव चिठ्ठीत असतो. चिठ्ठी म्हणजे मी माझी ओळख तुझ्यासाठी खर्च करतोय. मिलवाल्या आप्पांचा नंबर काय, बाजार समितीत कुणीही देईल. चिठ्ठी देणाऱ्यानं द्यायची असते ती आप्पांची तयारी. फोन येणार हे आप्पांना माहीत हवं, कोणाचा येणार हे माहीत हवं, आणि तो यावा असं त्यांना वाटायला हवं. या तिन्हींतलं एक जरी नसलं तरी चिठ्ठी लिहू नये. फार तर तोंडी सांगावं, 'अमुक मिलवाले वाढीव लोड घेतायत असं ऐकलं, लक्ष ठेव.' ही नुसती खबर झाली. खबरही उपयोगी असते, पण तिला खबरच म्हणा.

आता हीच चिठ्ठी नीट कशी गेली असती ते सांगतो. देणारा आप्पांना दहा वर्षं ओळखतो, तेव्हा अवघड काहीच नव्हतं. मिलमध्ये चहा घेता घेता आधी विचारायचं, "आप्पा, बिल किती येतंय हल्ली?" समजा ते म्हणाले, दीड लाख महिना. मग पुढचं, "सोलरचं कधी मनात आलं का? आमच्या ग्रुपमध्ये एक पोरगा आहे, त्यानं केलेली कामं मी पाहिलीयत. त्याला तुमचा नंबर दिला तर चालेल का? कधी फोन केलेला बरा?" आप्पा म्हणाले, संध्याकाळी सहानंतर, दिवसा मिलच्या आवाजात ऐकू येत नाही, की तेच चिठ्ठीवर लिहायचं. शेवटचा प्रश्न, "हा निर्णय तुम्ही घेणार की पोरगा?" आपल्याकडे हे विचारावंच लागतं. मिल आप्पांच्या नावावर असते आणि खरेदी पोरगा किंवा पुतण्या बघतो. चुकीच्या माणसाला फोन गेला की दुसरा रुसतो.

पाच प्रश्न आणि पाच मिनिटं. मग चिठ्ठी अशी होते: 'आप्पांशी सोमवारी बोललो. बिल दीड लाखाच्या आसपास. मिल दिवसा चालते. शेड स्वतःची, पत्रा जुना सिमेंटचा. बोलणी धाकटा मुलगा करेल, त्याचा नंबर हा. सहानंतर फोन, माझं नाव सांगणे.'

या चिठ्ठीत सोलरवाल्याला काय काय मिळालं बघा. एक किलोवॅटचं पॅनल आपल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं आणि त्याला छपरावर ढोबळ शंभर चौरस फूट जागा लागते. मिलच्या बिलावर युनिट दहा रुपयाला धरलं तर दीड लाख म्हणजे पंधरा हजार युनिट. शंभर किलोवॅट लावले तर महिन्याला बारा हजारांच्या आसपास निघतात, त्याला दहा हजार चौरस फूट छप्पर पाहिजे. म्हणजे फोन करण्याआधीच पोराला कळलं असतं की छपराचं माप आणि मंजूर लोड हेच आधी विचारायचं. सिमेंटचा पत्रा कळल्यावर तो एकटा गेलाच नसता. तसल्या पत्र्यावर माणूस चढवणंच धोक्याचं, पॅनल तर लांबची गोष्ट. आधी पत्रा बदलावा लागेल म्हणून त्यानं फॅब्रिकेटरला सोबत नेलं असतं. एका चिठ्ठीत दोघांचं काम झालं असतं.

आणि आम्ही काय दिलं? दहा आकडे.

बरं, चिठ्ठी देणारा माणूस वाईट नाही. हे लिहितानाच जाणवतंय की मी त्याच्यावर जास्त चिडतोय. त्याला कुणी शिकवलंच नाही. त्या दिवशी त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं आणि महिन्याच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य दिसत होतं. लाजेनं त्यानं खिशातला एक नंबर लिहून दिला. आकडे मोजले नाहीत तर लोक सकाळी उठून येत नाहीत हे मान्य. पण आकडाच मोजायचा झाला तर किती चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकानं फोन उचलून 'हो, मला माहीत आहे' म्हटलं ते मोजा.

दोष मागणाऱ्याचाही आहे, पोरा, राग मानू नको. तू दर आठवड्याला उभा राहून म्हणतोस, 'घर, दुकान, फॅक्टरी, शेती, कुणालाही सोलर लागलं तर सांगा.' कुणालाही म्हटलं की कुणीच डोळ्यासमोर येत नाही. समोरचा माणूस त्या मिनिटात डोक्यात चेहरा शोधत असतो, त्याला चेहरा द्यावा लागतो. 'दिवसा चालणारं युनिट, स्वतःची शेड, बिल लाखाच्या वर. एमआयडीसीत चटई किंवा पाइप बनवणारे, नाहीतर डाळ मिलवाले. या आठवड्यात मला फक्त एका डाळ मिलच्या मालकाशी ओळख हवी आहे.' एवढं म्हणालास की तीन जणांच्या माना वर होतील. पुढच्या आठवड्यात घरगुतीवाल्यांचं बोल. तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान घरालाच मिळतं, मिलला नाही, हेही तेव्हा सांग, म्हणजे कुणी मिलवाल्याला अनुदानाची आशा लावून ठेवणार नाही. ही चूक होते. मग किंमत ऐकून समोरचा म्हणतो, तुमचा माणूस तर वेगळंच बोलला.

तुला चिठ्ठ्या कोण देऊ शकतं हेही ओळख. ज्यांचं गिऱ्हाईक तेच, पण काम वेगळं, ते देतील. इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर, फॅब्रिकेटर, बँकेच्या कर्जाची फाइल करणारा, सीए. या चौघांसोबत महिन्यातून एकदा स्वतंत्र तासभर बस, त्यांच्या ऑफिसात. मिनिटभराच्या भाषणात जे कळत नाही ते तिथे कळतं. फक्त सीएच्या बाबतीत एक सांभाळ. त्याच्याकडे सगळ्यांची बिलं दिसतात म्हणून 'कुणाचं जास्त येतं सांगा ना' असं त्याला विचारू नको. त्यानं सांगितलं तर त्याचा धंदा बसेल. तो आपल्या अशिलाला स्वतः विचारून मगच नाव देईल. उशीर लागेल, पण ती चिठ्ठी पक्की असेल.

चिठ्ठी घेतल्यावर चोवीस तासांत फोन गेला पाहिजे, आणि तो गेल्यावर देणाऱ्याला दोन ओळी. 'बोललो, गुरुवारी साइट बघतोय.' कोटेशन दिलं की एक ओळ. काम नाही झालं तरी एक ओळ, कारणासकट. आमच्याकडे इथेच सगळं मरतं. देणाऱ्याला महिनाभर काहीच कळत नाही, आणि मग एखाद्या लग्नात आप्पाच त्याला म्हणतात, तुमचा माणूस कोटेशन देतो म्हणाला आणि गायब झाला. तो देणारा पुन्हा चिठ्ठी देईल? मी तरी देणार नाही.

आता आभाराच्या फेरीबद्दल. हे लिहिताना परत राग येतोय. ऑर्डर तोंडी झाली की उभं राहून 'अमुक लाखांचा धंदा, आभारी आहे' म्हणायचं आणि मागून ऑर्डर रद्द. पैसे खात्यात आल्यावरच आकडा सांगावा, तोही जीएसटी वगळून. काही जण तर आपापसात तेच बिल इकडून तिकडे फिरवतात. मी तुझ्याकडून छपाई घेतली, तू माझ्याकडून फराळ घेतलास, दोघांचा तक्ता भरला. घ्या की एकमेकांकडून, कोण नाही म्हणतं? पण बाहेरचं गिऱ्हाईक एकही आणलं नाही तर वीस-तीस जणांनी एकमेकांची दुकानं चालवून किती दिवस भागणार?

कुणी म्हणेल, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, एवढी औपचारिकता कशाला. खरंय, पुण्या-मुंबईसारखं परकेपण इथे नाही. म्हणून तर जास्त जपावं लागतं. तिथे बिघडलेलं गिऱ्हाईक परत भेटत नाही. इथे आप्पा पुढच्या वऱ्हाडात शेजारच्या पाटावर असतात.

आता या डाळ मिलचं काय करायचं ते. मीटिंग सुटल्यावर देणाऱ्याशी बोललो. तो आधी गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटलं नंबर दिला म्हणजे झालं." उद्या संध्याकाळी सहानंतर तो स्वतः मिलवर जाणार आहे, सोलरवाल्याला न घेता. आधी सांगणार, न विचारता नंबर दिला, चुकलं माझं. सोलरचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही. आप्पांनी आपणहून काढला तर वरचे पाच प्रश्न. नाही काढला तर चहा पिऊन परत, आणि तक्त्यातून ती चिठ्ठी खोडायची. पोरा, तू तोवर त्या नंबरवर फोन करू नकोस, मेसेजही नको, आणि कामांचे फोटोही पाठवू नकोस.