'धारवा' का नाही आणि 'पॅकिंग' तरी का नाही?

> "पंपाच्या देखभाल पुस्तिकेचा तुमचा मसुदा वाचला. बेअरिंग, बुश, गास्केट, स्लीव्ह… यात मराठी काय उरलं? परिभाषेत बेअरिंगला 'धारवा' आहे, बुशला 'अस्तर' आहे. ते बाजूला ठेवून इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवायचे, याला भाषांतर म्हणायचं का? 'मिस्त्री असंच बोलतात' हे कारण असेल, तर मिस्त्री सर्रास 'पॅकिंग' म्हणतात तो शब्द तुम्ही का गाळलात?"

नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत.

'पॅकिंग' गाळला तो इंग्रजी आहे म्हणून नाही. कारखान्यात आणि गॅरेजमध्ये या एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात, म्हणून गाळला. पंपाचं कव्हर आणि केसिंग यांच्यामध्ये बसणारा शीटचा चपटा तुकडा, तेही पॅकिंग. पंपाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बाहेर येतो तिथल्या स्टफिंग बॉक्समध्ये वेटोळी करून भरायची ग्रॅफाईटची चौकोनी दोरी, तेही पॅकिंग. बोलताना अडत नाही. मिस्त्री पंपासमोर उभा असतो, बोट दाखवतो, पोऱ्या नेमकी वस्तू आणतो. पुस्तिकेला बोट दाखवता येत नाही.

आणि या दोन वस्तूंचं वागणं एकमेकांच्या नेमकं उलट आहे. चपट्या गास्केटमधून एक थेंबही येता कामा नये. आला तर एक तर गास्केट फाटलंय, नाही तर बोल्ट सारखे आवळलेले नाहीत. दोरीतून मात्र पंप चालू असताना थेंब पडलेच पाहिजेत. त्या पाण्यानेच दोरी आणि फिरता भाग यांच्यातलं घर्षण कमी होतं आणि उष्णता वाहून जाते. मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब हा पाण्याच्या पंपासाठी रूढ अंदाज आहे.

आता मूळ पुस्तिकेच्या आधीच्या भाषांतरातलं हे वाक्य पाहा: "पॅकिंगमधून गळती होत असल्यास नट समान आवळावेत." वाक्य शुद्ध आहे, व्याकरणात खोट नाही. नळपाणी योजनेवरचा एखादा पंपचालक ते वाचतो, ही दोरी दाबून धरणाऱ्या ग्लँडखाली पाणी ठिबकताना पाहतो आणि पाना घेऊन ठिबकणं पूर्ण बंद होईपर्यंत ग्लँडचे नट आवळतो. त्याने पुस्तिकेत लिहिलंय तेच केलं. थोड्या वेळाने ग्लँड हात टेकवता येणार नाही इतकी तापते, जळका वास येतो, दोरी कडक होऊन करपते. करपलेली दोरी पाणी अडवत नाही, म्हणून गळती आधीपेक्षा वाढते आणि नट पुन्हा आवळले जातात. पंप खोलल्यावर स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या नळीवर, चर पडलेले दिसतात. नख फिरवलं आणि ते अडकलं, तर त्या स्लीव्हवर नवी दोरी टिकणार नाही, स्लीव्हच बदलावी लागते.

आमच्या मसुद्यात म्हणून चपट्या वस्तूला सगळीकडे 'गास्केट' आणि स्टफिंग बॉक्समधल्या वस्तूला सगळीकडे 'ग्लँड दोरी' आहे. 'दोरी' हा शब्द आम्ही बनवलेला नाही. हार्डवेअरच्या दुकानात "१० एमएमची ग्रॅफाईट दोरी द्या" असं मागितलं की ती वजनावर मिळते. वरचं वाक्य आता असं आहे: "ग्लँड दोरीतून थेंब थेंब पाणी पडत राहू द्या. धार लागली तरच दोन्ही नट सारखेच, एका वेळी षटकोनी नटाची एक बाजू सरकेल इतकेच आवळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबून पाहा." आणि गास्केटच्या पानावर वेगळं: "गास्केटमधून पाणी झिरपत असल्यास पंप बंद करून बोल्ट तपासा." तुम्हाला मराठी हवी होती ना? ती या वाक्यांमध्ये बघा: धार, थेंब, झिरपणं, सरकणं. एका 'गळती'चे तीन प्रकार इथे वेगळे झाले आणि प्रत्येकावर करायची गोष्ट वेगळी आहे.

गास्केटबद्दल आणखी एक. त्याला 'पॅकिंग' म्हटलं की ते केवळ फट बुजवायला भरलेलं काहीतरी वाटतं, आणि मग हाताशी असेल त्या जाडीची शीट कापून बसवली जाते. आडवं दुभागलेलं केसिंग असलेल्या पंपात हे महागात पडतं. शीट मूळ गास्केटपेक्षा जाड झाली की वरचा अर्धा भाग तेवढा वर राहतो आणि झीज सोसायला बसवलेल्या वेअर रिंगा आपल्या घरात घट्ट बसत नाहीत. म्हणून गास्केटच्या प्रत्येक उल्लेखाशेजारी आम्ही जाडी लिहिली आहे. तो भाषांतराचा भाग नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता 'धारवा'. शब्द चांगला आहे. धारण करतो तो धारवा. बांधणी मराठी आहे, धारव्याला, धारव्यांचे अशी रूपंही सरळ होतात. यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मी तो आनंदाने वापरेन, कारण तिथे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या सगळ्या भागांचं मिळून एक नाव लागतं. देखभाल पुस्तिकेत नेमका हाच अडसर आहे. आम्हाला एकत्र नाव नकोय, वेगळी नावं हवी आहेत.

आमच्या पुस्तिकेत दोन पंप आहेत. एक जमिनीवरचा आडवा सेंट्रिफ्यूगल पंप. त्याच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये गोळ्यांची बेअरिंग असतात, त्यांना ग्रीस लागतं, आणि तेही ठासून नाही, हाउसिंगमधली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरेल इतकंच. दुसरा बोअरवेलमधला सबमर्सिबल, पाण्याने भरलेल्या मोटरचा. त्यात शाफ्टला बाजूने आधार देतो तो गनमेटलचा किंवा कार्बनचा बुश, आणि त्याचं वंगण म्हणजे पाणी. तिथे ग्रीस घालायचं नाही, मोटरमध्ये स्वच्छ पाणी पूर्ण भरायचं. इंग्रजी पुस्तिका दोन्हीकडे 'बेअरिंग' असा एकच शब्द वापरते, कारण इंग्रजीतही तो 'धारवा'सारखाच व्यापक आहे. मराठी फिटर मात्र गोळ्यांच्या वस्तूलाच बेअरिंग म्हणतो आणि नळीसारख्या वस्तूला बुश. इथे त्याची बोली मूळ इंग्रजीपेक्षा जास्त नेमकी आहे. 'धारव्यास वंगण द्यावे' असं लिहून ही नेमकी जागा मी का पुसू?

शिवाय बेअरिंग ही विकत आणायची वस्तू आहे. रिंगेच्या कडेवर ६३०८ कोरलेलं असतं, त्यातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक ४० मिलिमीटर हे कळतं. काउंटरवर जाऊन माणूस "६३०८ बेअरिंग" म्हणणार. त्याने पुस्तिकेत 'धारवा' वाचून तिथे मनातल्या मनात भाषांतर करावं, अशी अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

बेअरिंगच्या पानावर मराठी लागते ती दुसरीकडेच. मूळ मजकुरात "बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवा" एवढंच होतं. दाब कुठे द्यायचा? बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून आतल्या रिंगपर्यंत जातो, गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. आमचं वाक्य: "शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या रिंगवर टेकेल असा पाईपचा तुकडा लावून ठोका. बाहेरच्या रिंगला किंवा जाळीला धक्का लागू देऊ नका." जाळी म्हणजे गोळ्यांना अंतरावर धरून ठेवणारा भाग. हा शब्द फिटर रोज वापरतात, आणि तो आम्हाला कोशात शोधावा लागला नाही.

'अस्तर' मी गंभीरपणे तपासला होता. अडचण अशी की पंपात अस्तर म्हणण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. केसिंगला आतून रबर किंवा इपॉक्सी लावतात, ते अस्तरच. शाफ्टवर चढवलेली स्लीव्ह, तीही एका अर्थी अस्तर. स्टफिंग बॉक्सच्या तळाशी दोरी पुढे सरकू नये म्हणून बसवलेला नेक बुश, तोही. यातलं कुठलं 'अस्तर झिजल्यास बदलावे'? बुश पुल्लिंगी, दोन अक्षरी, आणि अनेक वर्षं वापरात घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे. तो परका उरलेला नाही.

मात्र 'बुश'मध्येही गुंता आहे. काही फिटर स्लीव्हलाही बुशच म्हणतात. आम्ही सुरुवातीला नियम केला होता: शाफ्टबरोबर फिरते ती स्लीव्ह, जागेवर राहतो तो बुश. मग पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगचं पान आलं. तिथले रबर बुश पिनांवर बसून कपलिंगबरोबर गरागरा फिरतात. नियम मोडला, पण नाव बदलण्यात अर्थ नव्हता, कारण त्याला दुसरं काहीच कुणी म्हणत नाही. म्हणून एकटा 'बुश' पुस्तिकेत कुठेच येत नाही: नेक बुश, कपलिंगचा रबर बुश, मोटरचा गनमेटल बुश, दर वेळी पूर्ण नाव. वाचायला जड जातं, मान्य. सुटा भाग मागवताना हलकं पडतं.

एका शब्दावर मात्र मला खरोखर मदत हवी आहे. ग्लँड दोरीच्या वेढ्यांमध्ये एक खाचा आणि भोकं असलेली कडी असते, तिच्यातून बाहेरचं पाणी आत शिरून दोरीत पसरतं. ती बरोबर पाण्याच्या छिद्राखाली यायला हवी. एक वेढा कमी-जास्त भरला की ती सरकते, छिद्र दोरीने बुजतं आणि पुढचे वेढे कोरडे पडतात. तिला 'लँटर्न रिंग' म्हणतात, आणि हे नाव फिटरलाही काही सांगत नाही. 'कंदील कडी' असं एकाने सुचवलं, ते मी हसून सोडून दिलं. 'पाणकडी' माझ्या मनात आहे, पण पंपात वेअर रिंग, बेअरिंगची रिंग आणि रबराची ओ रिंग आधीच आहेत आणि साहित्याच्या यादीत ती त्यांच्यात मिसळता कामा नये. तुमच्या कोशात काही असेल तर जरूर कळवा. छपाईला जाण्याआधी ते पान उघडं ठेवलं आहे.