एका गोळीत सगळं बरं?

“अंगावरून पांढरं जातंय आणि खाज येते? म्हणजे बुरशीच. मेडिकलमधून फ्लुकोनाझोल १५०ची एक गोळी आणा. वास येत असेल तर तुरटीच्या पाण्यानं आतून धुवा. दुखणं बाईचं, नवऱ्याला औषध कशाला?”

हा मेसेज वाचूनच एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. दोन गोळ्या झाल्या होत्या, फरक शून्य.

“बुरशीच” यातला ‘च’ नडतो. बुरशीत खाज आणि आग जास्त, स्राव दह्याच्या गुठळ्यांसारखा, वास जवळपास नाही. योनिमार्गाची आम्लता टिकलेली असते, म्हणजे पीएच पट्टी ४.५च्या वर सहसा जात नाही. तिथे फ्लुकोनाझोल चालतं. मात्र गरोदरपणी ती गोळी नको, तेव्हा क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या सात दिवस देतात.

या बाईंना खाज होती हे खरं, पण स्राव पिवळट, फेसाळ आणि वासाचा होता. पट्टीवर पीएच ६ आला. इथेच बुरशी मागे पडली. उरले दोन संशयित. पहिला बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्यात योनीतले लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसरे जंतू माजतात. स्राव पातळ, राखाडी, खाज फारशी नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की सडक्या माशासारखा भपका येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी कडा झाकलेल्या ‘क्लू सेल’ दिसतात. दुसरा ट्रायकोमोनास, हा एकपेशीय परजीवी. तो ओल्या स्लाइडवर झटके देत पळताना दिसतो. या बाईंच्या स्लाइडवर तोच पळत होता. मात्र स्लाइड लगेच पाहावी लागते, थंड पडली की तो थांबतो आणि ओळखू येत नाही. ताजी स्लाइडही बऱ्याचदा फसवते, म्हणून ती कोरी आली तरी संशय असल्यास पीसीआरसारखी चाचणी करावी.

दोन्हींवर औषध मेट्रोनिडाझोल, दिवसातून दोनदा, सात दिवस. फ्लुकोनाझोल बुरशीच्या पेशीच्या आवरणावर काम करतं. जंतू आणि परजीवी त्याच्या वाटेतच येत नाहीत.

तुरटीचं म्हणाल, तर कुठल्याही पाण्यानं आतून धुतलं की उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात आणि व्हजायनोसिसला वाट मोकळी होते. बाहेरून साधं पाणी पुरे.

राहिला नवरा. बुरशीत त्याला तक्रार नसेल तर औषध लागत नाही. ट्रायकोमोनास मात्र संबंधातूनच पसरतो आणि पुरुषाला बहुधा काही जाणवतही नाही. “मला काय झालंय?” असं या बाईंचे यजमानही म्हणाले. शेवटी त्यांनी मेट्रोनिडाझोलचा २ ग्रॅमचा एकच डोस घेतला आणि दोघांचं औषध पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध टाळायला सांगितलं. बाईंना तीन महिन्यांनी फेरतपासणीला बोलावलं आहे.