अकरा महिन्यांचाच तर आहे, रजिस्टर कशाला?

घरमालकांनो, फ्लॅट भाड्याने द्यायचाय? मग हा लेख तुमच्यासाठीच. गेल्याच आठवड्यात पुण्यात भाड्याने फ्लॅट बघायला गेले, तेव्हा घरमालक काकांनी आणि त्यांच्या एजंटने या विषयात माझी शिकवणी घेतली. ते ज्ञान माझ्यापाशी कुजू नये म्हणून तुमच्यापर्यंत पोचवतेय.

सर्वांत आधी, करार अकरा महिन्यांचा करा. का, असं कुणी विचारलं तर दचकू नका. आवाज थोडा खाली आणून म्हणा, "कायदाच तसा आहे." समोरचा माणूस गप्प बसतो. मीही बसले असते, पण दुर्दैवाने मला तो कायदा माहीत होता.

तो कायदा म्हणजे 1908 चा नोंदणी अधिनियम. त्याच्या सतराव्या कलमात असं आहे की स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा वर्षानुवर्षांचा असेल, एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल किंवा त्यात भाडं वार्षिक ठरलेलं असेल, तर तो नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर एकोणपन्नासावं कलम म्हणतं की व्यवहाराचा पुरावा म्हणून तो कागद कोर्टात चालणार नाही. मग लोकांनी काय केलं? मुदतच वर्षाच्या आत आणली. खरं तर बरोबर बारा महिने म्हणजे काही "वर्षाहून जास्त" होत नाही, पण तारखेच्या घोळात एक दिवस इकडचा तिकडे झाला तर, म्हणून एक महिना सरळ कापून टाकला. अकरा आले ते असे. नोंदणीची फी वाचली, चकरा वाचल्या, आणि दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवायची सोय झाली ती वेगळीच. एजंटची दलालीही तेवढ्याच नेमाने नवी होते, हा योगायोग समजा.

मुंबई-पुण्याच्या जुन्या मालकांच्या पोटात आणखी एक भीती होती, आणि ती उगाच नव्हती. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लोक चालू लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्ट्याशिवाय नुसत्या वापराच्या परवानगीवर, जागेत राहत होते, ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. मालक म्हणत राहिले, आम्ही तर फक्त वापरायला दिली होती! तेव्हापासून "मुदत छोटी ठेवा, माणूस मुरू देऊ नका" हा मंत्र घराघरात पाठ झाला. त्या पिढीला मी काही बोलणार नाही.

पण आता पुढची सूचना. महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, हे कुणालाही सांगू नका. एजंटला तर मुळीच नको, बिचाऱ्याला धक्का बसेल. त्याचं पंचावन्नावं कलम म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदतीचा उल्लेखच नाही. अकरा महिन्यांचा नोंदवा, पाच महिन्यांचा नोंदवा, एका महिन्याचा असला तरी नोंदवा. म्हणजे ज्या सवलतीसाठी अकरा महिने शोधून काढले, ती सवलत आपल्या राज्यात केव्हाच गेली. आकडा तेवढा मागे राहिला.

पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली म्हणजे करार रजिस्टर झाला असंच समजा; ती दोन वेगळी कामं आहेत हे विसरूनच जा.

नोटरीवर पूर्ण विश्वास ठेवा. पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर गोल शिक्का, लाल चकती, कोपऱ्यात सही. किती भारदस्त दिसतं! नोटरीने फक्त एवढंच पाहिलं की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात तो कागद कुठेही नाही, त्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, नाही, आणि पंचावन्नाव्या कलमाला त्या लाल चकतीशी काही देणंघेणं नाही. पण दिसतं भारदस्त.

आता मुख्य सूचना, जरा सविस्तर सांगते, कारण काकांनीही ती सविस्तरच सांगितली. मी म्हटलं, "काका, रजिस्टर करू या, सगळा खर्च मी देते." काका हसले. "अहो, आपण घरच्यासारखे. कशाला सरकारला मध्ये आणायचं?" मग हळूच खरं बाहेर आलं. भाडं वीस हजार, त्यातले दहा चेकने, दहा रोख. कागदावर दहाच. नाहीतर "इन्कम टॅक्सवाले मागे लागतात."

वा! तर ही योजना पुरती राबवा, आणि मग काय होतं ते पाहा. समजा तुम्ही कोथरूडचा फ्लॅट वीस हजारांनी दिला, लाख रुपये डिपॉझिट घेतलं, करार नोटरीवाला. मुदत संपली, माणूस हलत नाही. तुम्ही कोर्टात गेलात. तिथे तो म्हणतो, "भाडं आठ हजार ठरलं होतं, आणि मुदतीचं काही बोलणं झालंच नव्हतं." तुम्ही ओरडता, खोटं आहे! असेल. पण पंचावन्नाव्या कलमातच लिहिलंय की नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीये, म्हणून न नोंदवल्याचा फटकाही मालकालाच. आता करा उलट सिद्ध. कशाने? रोखीच्या दहा हजारांची पावती दाखवणार? ती तर तुम्हीच दिली नव्हती! आयकरापासून लपवलेला पैसा न्यायाधीशांसमोर काढून दाखवायची वेळ आली की कसं वाटतं, ते मला कळवा. वर त्याच कलमात दोषी ठरलेल्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशीही तरतूद आहे. मालकाला. भाडेकरूला नाही. घरच्यासारखे ना?

काही चतुर मंडळी म्हणतील, आम्ही रजिस्टर करू, पण दहा हजारांचाच. करा की! याच कायद्याचं चोविसावं कलम राहत्या घराच्या मालकाला मोठं हत्यार देतं. लायसन्सची मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्या माणसाने बचाव करायची परवानगी मागितली पाहिजे, आणि ती मिळण्यासाठी ठोस कारण दाखवलं पाहिजे. नाहीतर जागा सोडण्याचा आदेश निघतो. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा मानतात, आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याला दुप्पट शुल्काने भरपाई लागते. आता हिशेब करा. कागदावर दहा हजार, म्हणजे दुप्पट झाले वीस. तो माणूस तुम्हाला आधीपासून वीसच देत होता! म्हणजे मुदत उलटून बसल्याची शिक्षा म्हणून तो नेहमीचंच भाडं देणार. खरे वीस लिहिले असते तर महिन्याला चाळीस लागले असते, आणि चाळीस द्यायच्या विचारानेच टेम्पो बोलावला असता.

(हे सगळं त्वरित होतं असं मी म्हणत नाही. तारखा तिथेही पडतात. आणि रजिस्टर करार हातात असला म्हणून कुलूप बदलायला किंवा पाणी तोडायला तुम्ही मोकळे होत नाही, आदेश लागतोच. पण अटी काय होत्या यावर तरी दोन वर्षं वाद घालावा लागत नाही.)

खर्चाची भीती घाला, ही शेवटची सूचना. "रजिस्ट्रेशन म्हणजे पंधरा-वीस हजार जातात हो," असं एजंटने मला तोंडावर सांगितलं. मी त्याच्यासमोर कागद घेऊन बसले. वीस हजार गुणिले अकरा, झाले दोन लाख वीस हजार. लाखाच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं काल्पनिक व्याज सव्वानऊ हजारांच्या आत. दोन्ही मिळून दोन लाख एकोणतीस हजार, त्याचा पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेसहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. कागदपत्र हाताळणीचे आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे वेगळे. त्याने पंधरा हजारांचा आकडा आणला कुठून? त्यातला त्याचा किती?

आणि दर अकरा महिन्यांनी तोच खेळ का? पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला आहे. तेहतीस महिन्यांचा एकच करार करा, भाडं तेच धरलं तर मुद्रांक साधारण सतराशे वीस आणि नोंदणी फी एकदाच हजार. तीन वेगळे केले तर मुद्रांक जवळपास तेवढाच, पण फी तीनदा. दरवर्षीची भाडेवाढ आणि आधी सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, हे त्याच करारात लिहिता येतं. पण मग दलाली एकदाच मिळेल, नाही का!

पुरे झाली थट्टा. काका, चिडून सांगते. तुमचा फ्लॅट लाखोंचा, माझं डिपॉझिट माझ्या वर्षभराच्या बचतीएवढं, आणि आपल्या दोघांमध्ये कायद्यापुढे उभा राहील असा एक कागद करायला तुम्ही तयार नाही. कशासाठी, तर महिना दहा हजारांवरचा कर चुकवायला. आणि तो चुकवताना जो पुरावा नष्ट करताय, तो तुमचाच आहे. माझ्याही वाट्याला त्रासच येतो. शाळेचा प्रवेश, पासपोर्टचा पत्ता, सोसायटीचं ऑफिस, जिथे जाऊ तिथे म्हणतात "रजिस्टर भाडेकरार आणा." डिपॉझिट परत मागताना मी काय दाखवू, ती लाल चकती?

एजंट लोकांनो, तुम्ही तर लाज सोडलीये. वीसेक वर्षांहून जुना कायदा तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. तुम्हाला तो सांगायचा नाही, एवढंच आहे. अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन माणूस दिवाणखान्यात येतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची पायरीही चढावी लागत नाही, तरी तुम्ही लोकांना भीती घालता.

आणि घर शोधणाऱ्यांनो, टोकन द्यायच्या आधी विचारा, करार रजिस्टर करणार का आणि त्यात पूर्ण भाडं लिहिणार का. "बघू" म्हणाले तर उठा. "हो" म्हणाले तरी डिपॉझिटची मोठी रक्कम इंडेक्स टू हातात पडल्यावरच, आणि बँकेतूनच द्या. मी काकांचा फ्लॅट घेतला नाही. पूर्वेची बाल्कनी होती त्याला, पण असू दे.